दिवसाचे १२ तास कागदावरच राहतात. वेळापत्रकात मोकळा वेळ किती आणि कुठे ठेवायचा?

गोदाकाठ
नमस्कार. मी राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी करतोय. पुण्यात नवी पेठेत अभ्यासिका लावली आहे, रूम चालत दहा मिनिटांवर. वेळापत्रक चार बैठकांचं आहे: सकाळी ७ ते १०, ११ ते २, ३ ते ६ आणि रात्री ७ ते १०. एकूण १२ तास. पहिले तीन-चार दिवस नेटाने चालतं, मग एखाद्या दिवसाचं काम उरतं. ते दुसऱ्या दिवसावर जातं, त्यामुळे त्या दिवसाचंही उरतं. दुसऱ्या आठवड्यात वेळापत्रकाकडे बघवत नाही आणि मी नवीन बनवायला घेतो. पूर्व परीक्षेला अजून १८ आठवडे आहेत. सगळे म्हणतात बफर ठेव. पण तो रोज अर्धा तास ठेवायचा, रविवार ठेवायचा की काय? कुणी नीट सांगेल का?

शिलेदार९६
भावा, बफर वगैरेच्या नादी लागू नकोस. टार्गेट १२ तासांचं ठेवलं तर निदान ८ होतात, ८ चं ठेवलं तर ५. आपल्या अभ्यासिकेत हेच बघितलंय. मोकळा वेळ ठेवला की माणूस सकाळपासून म्हणतो, संध्याकाळी भरून काढू. गप बसायचं आणि वाचायचं.

माधुरी_बदलापूर
मला एखादं चांगलं टाइमटेबल अ‍ॅप सुचवाल का? नोकरी करून अभ्यास करते. सकाळची ७:०५ ची लोकल, घरी यायला साडेसात. रोज ४ तास ठरवले होते, होतात दीड. अलार्म लावून बघितलं, अ‍ॅपमध्ये रंग भरून बघितले.

वि. रा. देशमुख
माधुरीताई, अ‍ॅपने तास वाढणार नाहीत. तुमच्याकडे नंतर येतो, तुमची अडचण गोदाकाठ यांच्यापेक्षा वेगळी आहे.

गोदाकाठ, मी गट ब मध्ये नोकरीला आहे आणि रविवारी तालुक्यातल्या मुलांची वेळापत्रकं तपासून देतो. बफर किती ठेवायचा हे विचारण्याआधी तुमच्या हाती एक आकडा हवा, तो आज नाही. ७ ते १० ही बैठक तीन तासांची दिसते. त्यात अभ्यास किती होतो, हे तुम्ही मोजलेलं नाही. पुढचा एक आठवडा वेळापत्रकात काहीही सुधारणा करू नका. मोबाइलवर साधं स्टॉपवॉच लावा. पुस्तक उघडून पेन हातात घेतलं की सुरू, जागेवरून उठलात की बंद. चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा चालते ना, ती यात धरायची नाही. टेलिग्रामवर पीडीएफ शोधण्यात गेलेला वेळ धरायचा नाही. रोज रात्री निव्वळ वेळ लिहा, आणि बाजूला पानं किती झाली, प्रश्न किती सोडवले तेही लिहा. त्या आठवड्यात जास्त मन लावून बसू नका, नाहीतर आकडा खोटा निघेल.

शिलेदार, तुमचं निम्मं बरोबर आहे. मोकळा वेळ दिवसाच्या शेवटी ठेवला तर तो सकाळीच मनातल्या मनात खर्च होतो, हे खरं. पण १२ ठरवून ८ झाले याची किंमत तुम्ही धरत नाही. राहिलेले ४ तास सगळ्या विषयांतून थोडे थोडे कमी होत नाहीत, ते एकाच जागेवरून जातात. ज्या मुलांचं ठरलेलं होत नाही त्यांची पुस्तकं बघा. इतिहासाच्या पहिल्या तीन प्रकरणांवर तीन रंगांच्या रेघा असतात, विज्ञान-तंत्रज्ञानाचं पुस्तक कोरं असतं, जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दुकानातून आणला तसाच असतो. जे यादीत शेवटी असतं ते बुडतं, आणि शेवटी नेहमी उजळणी, सराव प्रश्न आणि सीसॅट असतं. सीसॅटला २०० पैकी ६६ मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे गुण कुणी बघतही नाही.

शिलेदार९६
सीसॅटचं पटलं. आमच्यातले दोघे तिथेच गेले. पण टार्गेट कमी केलं की ढिलाई येते, यावर मी ठाम आहे.

साइटवाला_नाशिक
मी बांधकामाच्या प्लॅनिंगमध्ये आहे, स्पर्धा परीक्षेचं मला काही कळत नाही. पण हा प्रश्न आमचाही आहे. प्रत्येक ठेकेदाराला विचारलं की तो स्वतःच्या कामात दोन-तीन दिवस जास्तीचे धरून सांगतो. तरी काम उशिराच होतं. कारण दिवस हातात आहेत म्हटल्यावर सुरुवात उशिरा होते, आणि एखादं काम लवकर उरकलं तरी पुढचा माणूस ठरलेल्या तारखेलाच येतो. म्हणजे वाचलेला दिवस पुढे जात नाही, उशीर मात्र पूर्णच्या पूर्ण पुढे जातो. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली माणसाने १९९७ मध्ये यावर उपाय मांडला: प्रत्येक कामातला राखीव वेळ काढून घ्या आणि सगळा एकत्र करून शेवटी एका जागी ठेवा. एकत्र केलेला राखीव वेळ कमी असला तरी पुरतो, कारण सगळी कामं एकाच वेळी बिघडत नाहीत. रोज अर्धा तास ठेवण्यापेक्षा आठवड्याचा एकत्र ठेवा, असं मी म्हणेन.

सुलभा जोशी
माझा मुलगा अकरावीत आहे, नीटची तयारी करतोय. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, त्यावर क्लासचाच गृहपाठ. क्लासवाल्यांनी दिलेल्या तक्त्यात रोज ६ तास स्वाध्याय लिहिलाय. तो होत नाही म्हणून घरात रोज वादावादी होते. त्याला शिस्त नाही असं मला वाटत होतं. हे वाचून शंका आली. बाहेर जाऊन-येऊन त्याचे ९ तास जातात.

वि. रा. देशमुख
सुलभाताई, २४ तासांतून बेरीज करून बघा. बाहेरचे ९, झोप ७, आंघोळ-जेवण-आवराआवर २. राहिले ६. म्हणजे क्लासने तक्त्यात लिहिलेले ६ तास व्हायचे तर मुलाने एक मिनिटही रिकामं बसायचं नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही आणि ९ तास बाहेर राहून थकायचंही नाही. तो तक्ता कुणालाच पाळता येणार नाही. त्याच्याकडून आठवडाभर खरे तास लिहून घ्या, आणि ते बघून रागवायचं नाही हे आधीच ठरवा. नाहीतर तो वाढवून लिहील.

प्राध्यापक_मिरज
एक भर घालतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. उत्तरांची सरासरी सुमारे ३४ दिवस आली. प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या वर दिवस लागले. यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांना असंही विचारलं होतं, की सगळंच बिघडलं तर किती दिवस लागतील? त्याचं उत्तर सुमारे ४९ आलं. म्हणजे वाईटात वाईट धरून सांगितलेला आकडाही खऱ्यापेक्षा कमी. म्हणून बफर डोळे मिटून, मनाने ठरवू नये. मागे प्रत्यक्षात काय झालं, त्यावरून काढावा. देशमुख सर मोजायला सांगताहेत ते यासाठीच.

गोदाकाठ
आठवडा झाला. आकडे टाकतोय, एकही बदललेला नाही.

सोमवार ६ तास ४० मिनिटं, मंगळवार ७:१०, बुधवार ४:५० (नॉन-क्रीमीलेअरसाठी सेतू केंद्रात गेलो होतो, सर्व्हर बंद), गुरुवार ६:२०, शुक्रवार ६:५०, शनिवार ५:३०, रविवार २:१०. एकूण साडेएकोणचाळीस तास. ठरवले होते ८४.

सोमवारी मन लावून बसलोय असंच वाटत होतं, म्हणून पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पानांचं तर विचारूच नका. राज्यघटनेची पानं तासाला २० होतील असं धरलं होतं. नोट्स काढून, प्रकरणामागचे प्रश्न सोडवून ११ झाली.

वि. रा. देशमुख
फार छान नोंद ठेवली आहे. आता या दोन आकड्यांकडे एकत्र बघा. ठरवलेल्या तासांपैकी हातात आले ४७ टक्के. त्या तासांतही ठरवलेल्या वेगाच्या ५५ टक्के वेगाने काम झालं. दोन्हींचा गुणाकार सुमारे २६ टक्के येतो. म्हणजे आठवड्यासाठी जेवढं काम लिहिलं होतं, त्याच्या पावपटीला हात लागला. तुम्ही रोज पावणेसहा तासांच्या आसपास प्रामाणिक अभ्यास करता. तरी तुम्हाला वाटतं की सगळं कोसळलं, कारण तुलना चौपट मोठ्या कामाशी चालली आहे. अशा वेळापत्रकाला रोज अर्धा तास बफर देऊन काहीच होणार नाही.

आता बैठकीवार सांगा. ३ ते ६ मध्ये निव्वळ किती निघाले? आणि मेसची वेळ काय आहे?

गोदाकाठ
३ ते ६ मध्ये जेमतेम सव्वा तास. जेवून आलो की डोळे मिटतात. मेस रात्री साडेसात ते साडेनऊ. रविवारी संध्याकाळी बंद, तेव्हा बाहेर जावं लागतं.

वि. रा. देशमुख
मग तुमची चौथी बैठक पहिल्या दिवसापासून मोडलेली आहे. ७ ते १० वाचायचं आणि साडेसात ते साडेनऊच्या आत जेवून यायचं, हे कसं जमणार? अभ्यासिकेतून उठायचं, जायचं-यायचं, रांगेत थांबायचं, जेवायचं. तीन तासांतला तास-सव्वा तास रोज जाणार, हे आधीच माहीत होतं. जे रोज घडणार आहे त्याला बफर लावायचा नाही. त्याला वेळापत्रकात सरळ जागा द्यायची. साडेसातला मेस उघडताच जेवा आणि साडेआठ ते साडेदहा बसा. दुपारी साडेतीनपर्यंत झोपा, मग ४ ते ६ ची बैठक ठेवा आणि त्यात वाचन नको, फक्त प्रश्न सोडवा. बफर ठेवायचा तो सेतू केंद्रासारख्या गोष्टींसाठी: ताप, गावाहून फोन, दिवसभर वीज नसणं. त्या कधी येतील माहीत नसतं, येणार मात्र नक्की.

आणखी एक आठवडा नोंद ठेवा, मग दोन्हींतला कमी आकडा घेऊ.

गोदाकाठ
दुसरा आठवडा ३६ तास. दोन दिवस सर्दीने गेले.

वि. रा. देशमुख
३६ धरा. त्यातल्या २९ तासांनाच काम नेमून द्या. राहिलेले ७ मोकळे. हे ७ रोज एक-एक वाटू नका. तुमचा बुधवार बघा, एका दिवसात दोन-अडीच तास गेले. रोजचा एक तास तिथे अपुरा पडला असता आणि बाकीचे दिवस तो चहात विरला असता. साइटवाले म्हणतात ते इथे लागू आहे, फक्त सगळा राखीव वेळ पार शेवटी ढकलू नका. ३ तास बुधवारी संध्याकाळच्या आणि रात्रीच्या बैठकीत मिळून ठेवा, ४ तास रविवारी सकाळी. मध्ये एक थांबा असला की सोमवारचं उरलेलं काम रविवारपर्यंत लोंबकळत नाही.

वापरायची रीत अशी. मंगळवारचं काम उरलं तर बुधवारी सकाळी त्याला हात लावायचा नाही, बुधवारचं ठरलेलं काम आपल्या वेळी सुरू करायचं. मंगळवारचं फक्त बफरमध्ये जाईल. तुमची जी साखळी तुटत नाही, ती इथे तुटते. बफरमध्येही मावलं नाही तर ते काम पुढच्या आठवड्याच्या यादीत नव्याने लिहा आणि तिथलं तेवढंच काम काढा. आणि बफरच्या चौकटीत आधीच प्रकरणाचं नाव लिहून ठेवू नका. नाव लिहिलं की ती एक साधी बैठक झाली.

सलग दोन आठवडे बफर पूर्ण संपला, तर २९ चे २६ करा. तास वाढवून बघू नका. सलग दोन आठवडे अर्धाही लागला नाही, तर २९ चे ३१ करा.

शिलेदार९६
आणि बफर उरला तर? तिथे नवीन प्रकरण घेतलं तर काय बिघडलं?

वि. रा. देशमुख
एखाद्या वेळी काही बिघडत नाही. पण चार आठवडे घेत गेलात की ते प्रकरण तुमच्या हिशोबात जमा होतं आणि बफर नावाचा वेळ राहत नाही. उरला तर जुने प्रश्न सोडवा, नाहीतर सिंहगडावर जा.

माधुरी_बदलापूर
पूर्ण धागा वाचला. अ‍ॅपचा प्रश्न मागे घेते. माझी नोंद: सोम ते शुक्र दीड-दीड तास, शनिवारी ३, रविवारी ५. एकूण साडेपंधरा. यातून बफर काढायचा तर रविवारच उरतो, आणि रविवारीच घरचं सगळं असतं. मग आराम कधी?

वि. रा. देशमुख
ताई, तुमच्यासाठी साडेपंधरातले बाराच कामाला लावा. साडेतीन तास बफर, त्यातला बराचसा शनिवारी. लोकलमधला वेळ या हिशोबात आणू नका. बसायला जागा मिळाली तर चालू घडामोडी वाचा, तो वरचा लाभ समजा. रविवारची संध्याकाळ मात्र आराम म्हणूनच लिहा. आराम हा बफर नव्हे. बफरमध्ये आराम मिसळला की दोन्ही बुडतात.

माधुरी_बदलापूर
हे मला पटत नाही, सर. शनिवारी ऑफिसमधून कधी सुटेन ते माझ्या हातात नसतं. बफर अशा वेळी हवा जो नक्की मिळेल, आणि माझा नक्की मिळणारा वेळ रविवार दुपारचाच आहे. आराम मी शुक्रवारी रात्री पूर्ण झोपून घेईन. ज्यांच्याकडे दुसरा दिवस आहे त्यांच्यासाठी तुमचं ठीक.

वि. रा. देशमुख
तुमचा शनिवार बेभरवशाचा असेल तर बफर तिथे नको, हे मान्य. रविवार पूर्ण देणं कितपत टिकेल याबद्दल मला शंका आहे. दोन महिन्यांनी इथे लिहाल का?

शिलेदार९६
सगळ्यात मोठा बफर तर आयोगच देतो! २०२४ ची राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्टला होती. आयबीपीएसची परीक्षा त्याच दिवशी आली, मुलं रस्त्यावर बसली आणि पेपर १ डिसेंबरला गेला. तीन महिने मिळाले.

प्राध्यापक_मिरज
तेव्हा ज्यांनी ऑगस्टपर्यंत पूर्ण ताकद लावली, त्यांतले कित्येक जण पुढचे तीन महिने तेच तेच वाचून कंटाळले, हेही मी वर्गात बघितलं. तारीख पुढे गेली तर मिळालेल्या वेळाचा वेगळा आराखडा करावा. पण ती जाईल हे धरून आजचं काम ढिलं सोडणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

गोदाकाठ
देशमुख सर, आता उरलेल्या १६ आठवड्यांचं गणित मांडून बघितलं. शेवटचे ३ आठवडे फक्त उजळणी आणि सराव पेपर. मध्ये १ आठवडा पूर्ण मोकळा, गणपतीत घरी जायचं आहे तोच. राहिले १२. आठवड्याला २९ म्हणजे ३४८ तास. मग प्रत्येक विषयाची पानं मोजली, माझ्या खऱ्या वेगाने भागली, सीसॅट आणि चालू घडामोडी धरल्या. बेरीज ५२० आली. १७२ तास कमी पडतात. काल रात्री झोप लागली नाही. पुन्हा १२ तासांवर जावं असं वाटतंय.

वि. रा. देशमुख
१२ तासांवर गेलात तरी तुमचे आठवड्याचे ३६ ते ३९ च होणार, ते तुम्ही स्वतः मोजलंय. हे १७२ तास आधीच्या वेळापत्रकातही कमीच होते. फरक इतकाच की तेव्हा ते शेवटच्या महिन्यात दिसले असते आणि काय सोडायचं ते तुम्ही घाईत ठरवलं असतं. आज १६ आठवडे आधी ठरवता येतंय.

यादी पाठवा. बहुतेकांच्या यादीत एका विषयाला दोन किंवा तीन पुस्तकं असतात. प्रत्येक विषयाला एकच ठेवा, आणि ज्या प्रकरणावर गेल्या दहा वर्षांच्या पेपरांत एखाद-दुसराच प्रश्न आलाय ते नोट्स न काढता एकदा वाचा. नोट्स काढल्या नाहीत तर तुमचा वेग ११ वरून किती होतो तेही एक तास लावून मोजा, अंदाजाने लिहू नका. सीसॅट, उजळणी आणि बफर या तिन्हींना हात लावायचा नाही.

गोदाकाठ
यादी पाठवतो. राज्यघटनेला दोन पुस्तकं आहेत, इतिहासाला तीन. नोट्स न काढता भूगोल एक तास वाचून बघितला, १७ पानं झाली. एक अडचण आहे. टेस्ट सिरीज रविवारी ११ ते १ असते आणि मी बफर रविवारी सकाळी ठेवलाय. टेस्टनंतर चुका तपासायलाच दोन तास लागतात. ते बफरमध्ये घ्यायचे का?

वि. रा. देशमुख
नाही. टेस्टचे दोन आणि तपासणीचे दोन असे चार तास २९ मध्ये धरा, म्हणजे वाचनाला २५ राहतील आणि १२ आठवड्यांचे ४८ तास आणखी कमी होतील. ते यादीतूनच काढावे लागतील. रविवारचा बफर शनिवारी ४ नंतर हलवा. टेस्टच्या आदल्या दिवशी जे उरलंय ते संपवून बसाल.

शिलेदार९६
देशमुख सर, उद्यापासून मी पण स्टॉपवॉच लावतोय. ८ च निघतील, बघा.

साइटवाला_नाशिक
आकडे इथेच टाका शिलेदार, कितीही निघोत.